काम कोणाच्या नावावर?

तालुका पातळीवरच्या आढावा बैठका आता बऱ्याचदा मोबाइलवर होतात. शेवगावसारख्या तालुक्यात त्याचे कारण उघड आहे. गोदाकाठच्या मुंगीपासून बोधेगाव-चापडगावपर्यंतच्या गावांतून सगळ्यांना एका तासाच्या चर्चेसाठी शेवगावला बोलावण्यापेक्षा व्हीसी घेणे सोपे पडते. व्हीसी झाली की तिचे चित्रीकरण उरते आणि चित्रीकरणातून बोलण्याचा लिखित उतारा काढणारी साधने आता मराठीतही आहेत. प्रश्न पुढचा आहे. त्या उताऱ्यातून काय ठरले, काय करायचे आणि ते कोणी करायचे, हे खात्रीने काढता येते का? याबद्दल दोन मते आहेत. एक मत प्रोसिडिंग लिहिण्यात मुरलेल्या माणसाचे आहे. त्याला इथे भाऊसाहेब म्हटले आहे, कारण आपल्या जिल्ह्यात ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, लोक याच नावाने हाक मारतात. हे भाऊसाहेब म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे, तो एक विचार आहे. त्याला उत्तर लेखकाचे आहे.

भाऊसाहेब : उतारा कशाला पाहिजे, हेच मला आधी कळत नाही. प्रोसिडिंग लिहायची रीत आपल्याकडे पक्की आहे. विषय, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पुढच्या सभेत पहिलाच विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा. चुकीचं लिहिलं असेल तर तिथं कोणीही उठून सांगू शकतो. तासभर बोललेलं सगळं उतरवून काढलं तर त्यात खोकला, फोन, चहा आणि तेच तेच बोलणं येणार. अनुभवी माणूस त्यातलं सार बरोबर उचलतो.

लेखक : तुमची रीत चांगली आहे आणि ती मोडावी असे मी म्हणत नाही. पण ती कशासाठी घडली आहे, हे नीट पाहा. ठरावाच्या नमुन्यात सूचकाचे नाव असते, अनुमोदकाचे असते. काम करणाऱ्याच्या नावाला तिथे रकानाच नाही. ठराव सभेचा अधिकार सिद्ध करतो. सभेने हे ठरवले, ते रीतसर ठरवले आणि त्याला विरोध नव्हता, एवढे तो सांगतो. काम कोणी, केव्हा करायचे, हे त्याने सांगावे अशी त्याची रचना नाही. म्हणून ‘पाण्याचे नमुने तपासून घेण्यात यावेत, सर्वानुमते मंजूर’ असा निर्दोष ठराव असूनही महिनाभर कोणी बाटली भरून नेत नाही, असे होऊ शकते. आढावा बैठकीत तर ठरावही नसतो, नुसते बोलणे असते. उताऱ्याचा उपयोग मला याच रिकाम्या जागेसाठी दिसतो. बोलणे लहान करणे हा त्याचा दुय्यम फायदा आहे. कोणत्या माणसाने कोणते काम कोणत्या शब्दांत अंगावर घेतले, याचा पुरावा त्यातून मिळतो, हा खरा फायदा. स्मरणावर लिहिणारा माणूस, कितीही अनुभवी असला तरी, पुरावा देऊ शकत नाही. तो आपली समजूत देतो, आणि अनुभव जितका जास्त तितकी ती समजूत ‘असंच ठरलं असणार’ या बाजूला झुकते.

भाऊसाहेब : मग सरळ यंत्राकडूनच सार काढून घ्या की. केंद्रानं ग्रामसभेसाठी ते सभासार काढलंच आहे. चित्रफीत टाकली की इतिवृत्त तयार.

लेखक : सभासारचे उदाहरण योग्य आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ते १४ ऑगस्ट २०२५ रोजी त्रिपुरात सुरू केले. दुसऱ्या दिवशीच्या स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभांपासून त्याचा वापर व्हावा, असा हेतू होता. ते ‘भाषिणी’ या सरकारी भाषा-उपक्रमावर उभे आहे आणि त्यात मराठीचा समावेश आहे. चित्रफितीतून उतारा आणि उताऱ्यातून इतिवृत्ताचा मसुदा अशी त्याची वाट आहे. अशी साधने आता पुष्कळ आहेत, आणि मसुदा म्हणून त्यांचा उपयोग मला मान्य आहे. माझा आक्षेप एका उडीत चित्रफितीवरून थेट सारावर जाण्याला आहे. एका तासाच्या बोलण्यात साधारण सात-आठ हजार शब्द असतात. त्यांचे एका पानाचे सुबक सार हातात पडले की त्यातले कोणते वाक्य कोणाच्या तोंडचे आहे आणि कोणते यंत्राने अंदाजाने जोडले आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही. नमुना म्हणून रचलेला एक तुकडा पाहू. बैठक सोमवार, १४ जुलै २०२५ ची आहे असे समजा. विषय पावसाळ्यातला पाणीपुरवठा. प्रत्यक्षात बोलले गेले ते असे :

४१:०७ विस्तार अधिकारी – पावसाळा सुरू झालाय. टीसीएल किती गावांत किती आहे, ते बघावं लागेल.
४१:१९ ग्रा.पं. ३ – आमच्याकडं आठ दिवस पुरेल एवढीच आहे साहेब.
४१:२६ गटविकास अधिकारी – मग पंधरा दिवसांचा साठा ठेवायचा ना सगळ्यांनी?
४१:३३ ग्रा.पं. ७ – हो साहेब. आम्ही परवा मागणी पाठवतो.
४२:०५ विस्तार अधिकारी – अन् पाण्याच्या नमुन्यांचं आरोग्य विभागाशी बोलून घ्यावं लागेल.
४२:१२ अनेक आवाज – हो, होऊन जाईल.
५८:३० गटविकास अधिकारी – ते टीसीएलचं पंधरा दिवस नको, महिन्याचा साठा करा. मागणी शुक्रवारपर्यंत माझ्याकडं.
५८:४१ ग्रा.पं. ३ – हो साहेब.

या आठ ओळींतून एका उडीत काढलेले सार बहुधा असे येईल : ‘सर्व ग्रामपंचायतींनी पंधरा दिवसांचा टीसीएल साठा ठेवावा. पाणी नमुन्यांबाबत विस्तार अधिकारी आरोग्य विभागाशी समन्वय साधतील.’ वाचायला ते झकास आहे. पण पहिले वाक्य सतरा मिनिटांनी रद्द झाले होते आणि दुसऱ्या वाक्यातली जबाबदारी कोणीच घेतली नव्हती. यंत्राने ती विषय काढणाऱ्याच्या नावावर टाकली. ही चूक नेहमीची आहे. काम रिकामे राहिले की ते ज्याने त्याचा उल्लेख केला त्याच्या गळ्यात पडते. याचा परिणामही ठरलेला असतो : पुढच्या वेळी तो माणूस विषयच काढत नाही.

भाऊसाहेब : पहिली चूक कशी होते? सगळा उतारा तर त्याच्यापुढं होता.

लेखक : उतारा लांब असला की काही साधने तो तुकडे पाडून वाचतात आणि प्रत्येक तुकड्याचे सार काढून शेवटी ती सारे जोडतात. एक्केचाळिसाव्या मिनिटाचा निर्णय एका तुकड्यात आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाची दुरुस्ती दुसऱ्यात पडली, तर पहिला तुकडा निर्णय म्हणून पक्का होतो आणि दुसरा वेगळाच निर्णय म्हणून खाली येतो, किंवा गळतो. सगळा उतारा एकदम वाचणारे साधनही सविस्तर चर्चा झालेल्या जागेला जास्त वजन देते. निघता निघता एका वाक्यात केलेली दुरुस्ती त्याच्या नजरेतून निसटू शकते. आपल्या बैठकांत तर खरे निर्णय पुष्कळदा शेवटच्या पाच-दहा मिनिटांतच होतात. म्हणून उतारा वेळेच्या क्रमाने न तोडता विषयवार गोळा करावा. टीसीएलबद्दलची प्रत्येक ओळ, ती कुठल्याही मिनिटाला असो, एकाखाली एक आणावी आणि मग शेवटचा शब्द कोणाचा, ते पाहावे. असे केले की ५८:३० ची ओळ ४१:३३ च्या लगेच खाली येते आणि पहिला निर्णय रद्द झाल्याचे कोणालाही दिसते.

भाऊसाहेब : पण यंत्राला आपली मराठी कुठं नीट कळते? गावांची नावं बिघडतात, माणसांची बिघडतात. असल्या उताऱ्यावर पुरावा म्हणून विसंबायचं?

लेखक : उताऱ्यावर कधीच विसंबू नये, विसंबायचे ते मूळ आवाजावर. उतारा आपल्याला आवाजातल्या नेमक्या जागी नेऊन सोडतो, त्याचे काम तेवढेच. पण चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, हेही लक्षात घ्या. गावाचे नाव बिघडले तर ते वाचताक्षणी दिसते. तालुक्यातली गावे, पदे आणि योजना यांची यादी शेजारी ठेवून ते दुरुस्त करता येते. धोकादायक चूक ती, जी वाचताना शुद्ध दिसते. ४१:२६ च्या ओळीत साहेब ‘ठेवायचा ना’ म्हणाले. आवाज थोडा तुटला की उताऱ्यात ‘ठेवायचा नाही’ येऊ शकते आणि वाक्य व्याकरणाने अगदी ठीक राहते. दीड, अडीच, सव्वा, साडेतीन हे आकडेही असेच. ‘अडीच’चे ‘अडीचशे’ झाले तर उतारा काहीच तक्रार करत नाही. म्हणून दुरुस्तीच्या वेळी वाक्ये गुळगुळीत करत बसू नये. होकार-नकार, आकडे, तारखा आणि नावे या चार जागी आवाज पुन्हा ऐकावा, बाकीचा उतारा खडबडीत राहिला तरी बिघडत नाही. तारखांबाबत आणखी एक गोष्ट. ‘परवा’ हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही, ‘आठ दिवसांत’ म्हणजे आठवड्यात. ग्रा.पं. ७ चे ‘परवा’ म्हणजे १६ जुलै आणि साहेबांचा ‘शुक्रवार’ म्हणजे १८ जुलै, हे बैठकीच्या तारखेवरून मोजून लिहावे लागते. सारात ‘परवा’ तसाच राहिला, तर तो वाचणाऱ्या प्रत्येकाचा परवा वेगळा असतो.

बोलणारा कोण, ही मात्र याहून अवघड बाब आहे. व्हीसीत नाव माणसाचे उमटत नाही, यंत्राचे उमटते. ग्रामपंचायत कार्यालयात एका मोबाइलसमोर सरपंच, भाऊसाहेब आणि जलसुरक्षक तिघे बसले असतील, तर तिघांचेही बोलणे ‘ग्रा.पं. ७’ या एकाच नावाखाली येते. ‘आम्ही मागणी पाठवतो’ असे त्यांच्यापैकी कोण म्हणाले? आवाज वेगळे करणारी साधने आहेत, पण एका खोलीतल्या एका मोबाइलवर, पंख्याच्या आवाजात, त्यांच्या भरवशावर कोणाचे नाव लिहिणे अन्यायाचे होईल. अशा वेळी नावाच्या जागी ‘ग्रा.पं. ७, व्यक्ती निश्चित करावी’ एवढेच लिहिणे प्रामाणिक आहे.

भाऊसाहेब : सरकारी कामात एवढं कुठं बघतात? साहेबांनी सांगितलं, खालून ‘हो साहेब’ आलं, विषय संपला. आदेश दिला की जबाबदारी ठरलीच.

लेखक : हा तुमचा सगळ्यांत बळकट मुद्दा आहे आणि तो मला अर्धा मान्य करावा लागतो. वरिष्ठाने नाव घेऊन काम सांगितले, तर कनिष्ठाने होकार दिला नाही तरी जबाबदारी त्याची होते. तिथे संमतीचा पुरावा शोधणे व्यर्थ आहे. पण ‘हो साहेब’ हे दोन शब्द पुष्कळदा ‘ऐकलं’ एवढेच सांगतात. ग्रा.पं. ३ चे ‘हो साहेब’ आणि ग्रा.पं. ७ चे ‘परवा मागणी पाठवतो’ ही दोन उत्तरे एकाच तोलाची नाहीत. दुसऱ्यात क्रिया आहे, तारीख आहे, करणारा आहे. म्हणून उताऱ्यातून काढायच्या कामांच्या तक्त्यात ‘कोणी सोपवले’ आणि ‘कोणी कोणत्या शब्दांत स्वीकारले’ असे दोन वेगळे रकाने असतील. वरच्या तुकड्याचा तक्ता मग तीन ओळींचा होतो. पहिली ओळ निर्णयाची : महिन्याचा टीसीएल साठा करायचा, आधार ५८:३०, ४१:२६ चा पंधरा दिवसांचा निर्णय रद्द. दुसरी ओळ कामाची : मागणी गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवणे, मुदत शुक्रवार, १८ जुलै, सोपवले गटविकास अधिकाऱ्यांनी, सर्व ग्रामपंचायतींना, स्पष्ट शब्दांत तारीख दिली ती फक्त ग्रा.पं. ७ ने, तीही महिन्याच्या साठ्याचा निर्णय होण्याआधी, म्हणून तिची मागणी किती दिवसांची येणार, हे विचारून घ्यावे. तिसरी ओळ : पाण्याच्या नमुन्यांबाबत आरोग्य विभागाशी बोलणे, आधार ४२:०५, सोपवले कोणालाही नाही, स्वीकारले कोणीही नाही, मुदत नाही.

या तिन्हींत मला तिसरी ओळ सर्वांत मोलाची वाटते. तीन रिकाम्या रकान्यांची ती ओळ बैठकीला सांगते की अनेक माणसे ‘होऊन जाईल’ म्हणाली आणि काम मात्र कोणाकडेच गेले नाही. पावसाळ्यात नमुन्यांचे काम राहिले तर त्याचा परिणाम गावातल्या घरांपर्यंत जातो. सुबक सार हा रिकामेपणा भरून टाकते आणि त्यासोबत ही सूचनाही पुसून टाकते. म्हणून नियम एकच धरावा : ज्या ओळीला उताऱ्यातले शब्द आणि वेळ जोडता येत नाही, तिचा रकाना रिकामा ठेवावा. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा नाव न लिहिणे कमी हानीचे आहे, कारण रिकामा रकाना प्रश्न विचारतो आणि चुकीचे नाव तो प्रश्न मिटवून टाकते.

भाऊसाहेब : आणि माणसं बोलायची बंद झाली तर? प्रत्येक वाक्याला मिनिट-सेकंद चिकटलं की कोणी तोंड उघडणार नाही. ‘बघतो’ म्हणायलाही घाबरतील.

लेखक : ही भीती खोटी नाही, आणि तक्ता कितीही चांगला केला तरी ती पूर्ण जाणार नाही. तिच्यावर मर्यादा घालता येतात. चित्रीकरण चालू आहे, हे सुरुवातीला मोठ्याने सांगावे. उतारा गटावर टाकू नये. सगळ्यांना जावा तो फक्त तक्ता, आणि त्यात काम, नाव, मुदत एवढेच असावे. शब्द आणि वेळ तपासणाऱ्याच्या प्रतीत राहाव्यात. चर्चेत कोण कोणाला काय बोलले, हे तक्त्यात येताच कामा नये, कारण तो विषयच तक्त्याचा नाही. पाठवल्यानंतर एका दिवसाची मुदत दुरुस्तीला द्यावी आणि ज्याचे नाव आहे त्याने हरकत घेतली तर त्याच्यासमोर ती जागा ऐकावी. उलट बाजूनेही पाहा. आज बैठकीत नसलेला माणूस सर्वांत असुरक्षित असतो, कारण गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकणे सोपे असते. तक्त्यात ‘स्वीकारले’ हा रकाना असेल तर त्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही आणि त्याला विचारावेच लागते. म्हणजे नोंद जशी माणसाला बांधते तशी ती त्याला वाचवतेही.

भाऊसाहेब : तपासायला वेळ कोण देणार? एका व्हीसीमागं पुन्हा तासभर ऐकत बसायचं असेल तर माझं प्रोसिडिंग बरं.

लेखक : पुन्हा तासभर ऐकायचे नाहीच. बैठकीत दहा-बारा ओळी निघाल्या, तर प्रत्येक ओळीची वेळ उघडून मागे-पुढे पाव मिनिट ऐकायचे. सगळे मिळून दहा मिनिटांच्या आसपासचे हे काम आहे. मात्र यात एक उणीव राहते, ती सांगायला हवी. असलेल्या ओळी बरोबर आहेत का, हे या तपासणीत कळते. सुटलेली ओळ कळत नाही. त्यासाठी सुरुवातीच्या एक-दोन बैठकांना एकाने यंत्राचा तक्ता न पाहता पूर्ण चित्रीकरण ऐकून आपली यादी करावी आणि दोन्ही समोरासमोर ठेवाव्यात. कुठल्या प्रकारच्या ओळी निसटतात, ते एकदा कळले की पुढे तिथेच लक्ष ठेवता येते. बहुधा असे दिसेल की निसटते ते अर्धवट बोललेले. त्यावरचा उपाय साधनात नसून बैठकीत आहे. प्रत्येक विषय संपताना अध्यक्षांनी एक वाक्य पूर्ण म्हणावे : ‘नमुन्यांबाबत आरोग्य विभागाशी विस्तार अधिकारी बोलतील, गुरुवारपर्यंत, चालेल ना?’ आणि त्या अधिकाऱ्याने आपल्या तोंडाने उत्तर द्यावे. या एका वाक्याने उताऱ्याची निम्मी अडचण सुटते.

भाऊसाहेब : म्हणजे शेवटी प्रोसिडिंग राहिलंच.

लेखक : राहिलेच, आणि राहावे. ग्रामसभेचे किंवा मासिक सभेचे इतिवृत्त हा कायद्याचा कागद आहे. ते तुम्ही लिहावे, सभेत वाचावे आणि कायम करावे. यंत्राचा मसुदा त्यासाठी कच्चा माल म्हणून चालेल, सही माणसाचीच. कामांचा तक्ता हा त्याहून वेगळा, त्याच्यासोबतचा कागद आहे. तो आढावा बैठकीला जास्त लागतो, कारण तिथे कायम करायला इतिवृत्तच नसते. पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून तो वाचावा, आणि वाचायला सुरुवात रिकाम्या रकान्यांपासून करावी. झालेल्या कामांचे अहवाल नंतर ऐकता येतील. ज्या कामाला मालक नाही त्याला आधी मालक द्यावा.